अल्फाच्या वेळची पैठणी

कॅसेटच्या पाठीवर मामाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "ताई – होम मिनिस्टर – २००७". निळं बॉलपेन, पांढरी पट्टी, एका बाजूने सुटत आलेली. आणि ह्या २००७ वरून आमच्या घरात गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला एकदा तरी वाजतं. मावशी म्हणते की तिचा होम मिनिस्टरचा एपिसोड लागला तेव्हा आजोबा, म्हणजे तिचे आणि मामाचे दादा, होते, डोंबिवलीच्या घरात टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी तो बघितला आणि स्वतः व्हीसीआरचं बटण दाबून रेकॉर्ड केला. मामा म्हणतो शक्यच नाही, दादा गेले २००५ च्या मे मध्ये आणि तुझा एपिसोड २००७ चा, हे बघ लिहिलंय. मावशी म्हणते लिहिलंय ते तूच लिहिलंयस. मग मामी चहा आणते.

ह्या वर्षी मी कॅसेट उचलून घरी आणली. माझा हा छंद आहे, म्हणजे जुनी रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर घ्यायची आणि ती कधीची आहेत ते शोधून काढायचं. बायकोच्या मते हा छंद नसून आजार आहे, पण तो वेगळा विषय.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, एपिसोडमध्ये तारीख दिसत असेल की. नसते हो. मालिकांमध्ये, गेम शोमध्ये कुणी तारीख सांगत नाही, उलट मुद्दाम टाळतात कारण तोच एपिसोड पुन्हा दाखवायचा असतो. व्हीसीआरच्या घड्याळाचा टेपशी काही संबंध नसतो, आणि आमच्या व्हीसीआरचं घड्याळ तर जन्मभर बारा वाजून शून्य मिनिटंच दाखवत लुकलुकायचं. मग राहतं काय, तर स्क्रीनच्या कोपऱ्यातला तो छोटासा लोगो, ज्याच्याकडे आपण तेव्हा ढुंकूनही बघितलं नाही.

लावली कॅसेट. आधी नुसती खरखर, मग एकदम चित्र आलं आणि कोपऱ्यात लिहिलेलं होतं अल्फा.

मी तिथेच पॉज केलं आणि एकटाच हसलो. कारण २००७ मध्ये अल्फा नावाचं चॅनलच नव्हतं.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झी वाल्यांनी १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू केलं, आणि २००५ च्या मार्चअखेरीस झीने आपल्या सगळ्या चॅनलचं रंगरूप एका फटक्यात बदललं तेव्हा अल्फा मराठीचं झी मराठी झालं. तेच चॅनल, त्याच मालिका, तेच कलाकार, फक्त नाव गेलं. वादळवाट २००३ मध्ये अल्फावर सुरू झाली आणि २००७ मध्ये झी मराठीवर संपली, म्हणजे तुमच्याकडे वादळवाटची टेप असेल तर नुसत्या मालिकेच्या नावावरून चार वर्षांचा घोळ राहतो, पण कोपऱ्यात बघितलं की तो घोळ अर्ध्यावर येतो. मला ह्या कामात सगळ्यात जास्त मजा येते ती इथे, एक खूण एकटी फार काही सांगत नाही, पण दोन खुणा एकमेकींना छेदल्या की उरलेली जागा फटकन लहान होते.

आता मावशीचं गणित मांडू. होम मिनिस्टर सुरू झालं १३ सप्टेंबर २००४ ला. त्याच्या आधी आदेश बांदेकर भावोजी म्हणून कुणाच्या घरी गेलेच नव्हते, त्यामुळे ही झाली "ह्याच्या आधी नाही" ही रेघ. कोपऱ्यात अल्फा आहे, आणि अल्फा मार्च २००५ अखेर गेलं, ही झाली "ह्याच्या नंतर नाही" ही रेघ. दोन्हीच्या मधे उरतात फक्त साडेसहा महिने. पुढे अठरा वर्षं चाललेल्या कार्यक्रमातले मोजून साडेसहा महिने. मावशी नेमकी त्या फटीत पैठणी जिंकून बसलेली. एपिसोड जर दोन महिने उशिरा लागला असता तर कोपऱ्यात झी मराठी आलं असतं आणि मग मी पण मामासारखाच कपाळाला हात लावून बसलो असतो.

पण एवढ्यावर थांबता येत नाही. लोगो बघून लगेच निकाल देऊन टाकायचा ह्या सवयीने मी एकदा तोंडघशी पडलोय, तेव्हापासून सावध असतो.

झालं होतं असं की एका ग्रुपवर कुणीतरी चार दिवस सासूचे मधला एक तुकडा टाकला आणि विचारलं कधीचा. कोपऱ्यात कलर्स मराठीचा लोगो. मी छाती पुढे काढून लिहिलं, ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं मार्च २०१५ मध्ये, म्हणजे हा २०१५ च्या नंतरचा. लगेच एका काकूंनी उत्तर दिलं, अहो ती मालिका २०१३ च्या जानेवारीतच संपली. बारा-चौदा माणसांनी हसण्याचे इमोजी टाकले. काकूंचं बरोबर होतं, आणि माझंही एका अर्थी बरोबरच होतं, कारण लोगो सांगतो की हे चित्र हवेत कधी गेलं किंवा नेटवर कधी चढवलं, चित्र बनलं कधी ते तो सांगतच नाही. जुना माल नव्या पिशवीत भरून दिला तर पिशवीवरची तारीख मालाची धरायची नसते.

मग असं काही केलेलं आहे का हे ओळखायचं कसं, तर तीन गोष्टी मी बघतो. एक म्हणजे जुना लोगो जिथे होता तिथे एक धुरकट चौकोन असतो, पाठीमागे माणूस हलला तरी तो चौकोन थिजलेला, कारण तिथे जुनी खूण पुसायला ब्लर मारलेला असतो. दुसरं म्हणजे डोकी कापलेली दिसतात, जुनं चित्र चारास तीन मापाचं, म्हणजे जवळजवळ चौकोनी, ते आजच्या रुंद पडद्यात बसवायचं तर वरून खालून छाटावं लागतं, मग सासूबाईंचा अंबाडा वर जातो आणि खाली हातातलं ताट. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात खात्रीची वाटते, ती म्हणजे लोगोची धार. चित्र मऊ, किंचित घासलेलं, आणि लोगो मात्र नवीन ब्लेडसारखा लखलखीत असेल तर समजायचं की लोगो वरून चिकटवलाय. दोघं एकाच वेळी हवेतून आलेले असतील तर दोघांना दुखणी पण सारखीच असणार.

हे तिसरं मी मावशीच्या टेपवर नीट तपासलं. व्हीएचएस टेपला एक खोड असते, रंग आणि प्रकाश ती वेगवेगळे साठवते आणि रंगाचा भाग फार ढोबळ साठवते, त्यामुळे लाल रंग आपल्या जागेवर राहत नाही, बाजूला ओघळतो. व्हीएलसी मध्ये पॉज करून `E` दाबत दाबत एकेक फ्रेम पुढे गेलो तर भावोजींच्या मागे उभ्या असलेल्या शेजारणीच्या लाल पदराचा रंग पदराच्या बाहेर पसरलेला, आणि कोपऱ्यातल्या लोगोचा रंग पण तसाच, तेवढाच, त्याच बाजूला पसरलेला. म्हणजे पदर आणि लोगो एकाच वायरीतून एकाच संध्याकाळी घरात आले. कुणी नंतर काही चिकटवलेलं नाही.

खालच्या बाजूला मात्र एक पट्टी सरकत होती, कुठल्यातरी क्लासच्या ॲडमिशनची, आणि ती पट्टी चॅनलची नव्हती. हे पण लक्षात ठेवायला लागतं, तेव्हा चॅनल थेट घरात येत नसे, मधे केबलवाला असायचा आणि तो आपल्या मर्जीने चित्रावर आपल्या जाहिराती चालवायचा. एखाद्या टेपवर कोपऱ्यात अनोळखी लोगो दिसला तर आधी हे बघायचं की तो जाहिरातीत पण तसाच राहतो का. चॅनलचा लोगो बरेचदा जाहिरात लागली की जातो आणि कार्यक्रम सुरू झाला की परत येतो. केबलवाल्याची खूण मात्र हलत नाही, तिला ब्रेकबिक काही कळत नाही.

ब्रेकवरून आठवलं, जाहिराती म्हणजे तर लोगोंची खाणच. मावशीच्या एपिसोडच्या पहिल्या ब्रेकमध्ये ऑरेंजची जाहिरात आहे. मुंबईत मोबाईल कंपनी म्हणून ऑरेंज होतं, २००५ मध्ये ते नाव जाऊन हच आलं, आणि २००७ च्या सप्टेंबरात हचचं व्होडाफोन झालं. एकच कंपनी, तीन कपडे. त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या टेपांना ही जाहिरात म्हणजे घड्याळच. मामाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अरे कंपन्या काय, जुन्या जाहिराती पण चालवत असतील." चालवत असतील रे मामा, पण बंद केलेल्या नावाची जाहिरात दोन वर्षांनी पैसे भरून कोण चालवेल?

मॅस्कॉटचं मात्र उलटं असतं, ते सहजासहजी मरत नाहीत. व्होडाफोनचे ते पांढरे अंड्यासारख्या डोक्याचे झूझू २००९ च्या आयपीएलमध्ये आले, तर टेपवर झूझू दिसला की २००९ च्या आधीची नाही एवढं नक्की, पण नंतरची किती ते तो सांगत नाही. त्याहून चांगलं उदाहरण अप्पूचं. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडचा तो छोटा हत्ती. एशियाड झालं १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, सोळा दिवसांचा खेळ, पण १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर नावाची बाग निघाली आणि ती २००८ पर्यंत चालली, मुलांच्या मापाने बघितलं तर तो हत्ती पाव शतक जगला. त्यामुळे कुणी मला सांगितलं की आमच्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये अप्पू दिसतो म्हणजे एशियाडचं, तर मी आधी विचारतो की तो मैदानात दिसतो की नुसता कुणाच्या तरी टी-शर्टवर. मॅस्कॉटवरून खालची रेघ मिळते, वरची मिळत नाही. चॅनलच्या लोगोचं तसं नाही, लोगो ऑफिसच्या आदेशाने एका रात्रीत जातो, सकाळी सगळीकडे नवीन.

आणि आता ज्याने मला सगळ्यात जास्त रडवलंय त्याच्याबद्दल. दूरदर्शन.

खाजगी चॅनलं दर तीन-चार वर्षांनी कपडे बदलतात, आम्हाला बरंच आहे. दूरदर्शनचा तो डोळा मात्र १९७६ पासून आहे तो आहे. त्याची गोष्ट छान आहे. त्या वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीतून वेगळं झालं आणि त्याला स्वतःची खूण हवी होती. अहमदाबादच्या एनआयडी ह्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत विकास सातवळेकर शिकवायचे, त्यांनी वर्गात विद्यार्थ्यांना हे काम दिलं, आणि देबाशीष भट्टाचार्य नावाच्या विद्यार्थ्याने मधे एक गोल आणि त्याच्या दोन बाजूंनी दोन वळसे असं काहीतरी काढलं, जे इंदिरा गांधींनी पसंत केलं. त्याला डोळ्याचं रूप दिलं ते पुढे. त्याचं ॲनिमेशन तिथल्याच आर. एल. मिस्त्री ह्या विद्यार्थ्याने केलं, चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून फिरवत फिरवत, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. पंडित रविशंकर आणि शहनाईवाले उस्ताद अली अहमद हुसेन खान ह्यांची धून त्याच्याखाली आली. ती धून आणि ते गरगर फिरत येणारे वळसे बघून माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाच्या पोटात अजूनही काहीतरी होतं, पण तारीख लावायच्या कामात मात्र तो डोळा जवळजवळ निरुपयोगी. तो दिसला म्हणजे १९७६ च्या आधीचं नाही. झालं, एवढंच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, म्हणजे मुंबईच्या दूरदर्शनची पहिली साडेतीन वर्षं ह्या डोळ्याशिवायची आहेत, पण तेव्हा घरात व्हीसीआर होता कुणाकडे, त्यामुळे ती खूण पण आमच्यासारख्यांच्या हाताला लागत नाही.

त्यात ऐंशीच्या दशकात तो डोळा कोपऱ्यात कायम बसलेला पण नसायचा. प्रसारण सुरू होताना यायचा, आणि मधे काही बिघडलं की "व्यत्यय" अशी पाटी यायची, पण कार्यक्रम चालू असताना चारी कोपरे मोकळे. मला कुणी मोकळ्या कोपऱ्यांची रंगीत टेप दिली की मी मनात १९८२ नंतरची, कारण त्या वर्षी आपल्याकडे रंग आला, आणि बहुतेक नव्वदच्या अलीकडची नाही, असं धरून सुरुवात करतो, आणि मग बातम्या, क्रिकेट, निवडणूक, काय सापडेल ते शोधत बसतो. "बहुतेक" हा शब्द मुद्दाम लिहिलाय.

दूरदर्शनमध्ये तारीख द्यायला डोळ्यापेक्षा त्याच्या शेजारचे शब्द कामाला येतात. मेट्रो असं लिहिलेलं असेल तर ते १९९३ ते २००३ मधलं, कारण ३ नोव्हेंबर २००३ ला मेट्रोच्या जागी डीडी न्यूज आलं. मराठी वाहिनी १९९४ पासून होती पण तिला सह्याद्री हे नाव मिळालं एप्रिल २००० मध्ये, म्हणजे कोपऱ्यात सह्याद्री दिसलं की २००० च्या आधीचं नक्की नाही. आणि डीडी न्यूजचा लोगो २०२४ च्या एप्रिलमध्ये लालचा भगवा झाला, त्यावर बराच गदारोळ झाला होता, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला की वा, चला, पुढच्या पिढीला निदान एक रेघ मिळाली.

न्यूज चॅनलच्या बाबतीत तर हे ज्ञान खिशात ठेवायलाच हवं. व्हॉट्सॲपवर दर वर्षी २६ जुलै आली की २००५ च्या पुराचे व्हिडिओ फिरतात, "तेव्हाचं थेट प्रक्षेपण" म्हणून. कोपऱ्यात मराठी न्यूज चॅनलचा लोगो दिसला की सोडून द्या. स्टार माझा आणि झी २४ तास दोन्ही २००७ मध्ये आली. पूर आला तेव्हा ह्यांचा जन्मच झाला नव्हता, तुम्ही बघताय तो नंतर कधीतरी केलेला आठवणींचा कार्यक्रम. तसंच २६/११ चं. ती रात्र २००८ ची, तेव्हा चॅनलचं नाव स्टार माझा, एबीपी माझा हे नाव लागलं १ जून २०१२ ला. एबीपीचा लोगो असलेली क्लिप "त्या रात्रीची लाइव्ह" म्हणून आली तर चित्र त्या रात्रीचं असेलही, प्रक्षेपण नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी हे दोनदा लिहिलंय. दोन्ही वेळा त्याच्या लगेच खाली कुणीतरी पाण्याच्या टँकरबद्दल लिहिलं.

तर परत मावशीकडे येतो. साडेसहा महिन्यांची फट मिळाली होती, ती अजून लहान करता येईल का ते बघत होतो आणि उत्तर समोरच उभं होतं, मी आपला कोपऱ्याकडे बघत बसलेलो. मावशीने काळी साडी नेसली होती. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने नव्हते पण सोफ्याशेजारच्या टीपॉयवर वाटीत तिळगूळ होता, `E` दाबून दाबून खात्री केली. आपल्याकडे घरी पाहुणे येणार, टीव्हीवाले येणार, आणि सवाष्ण बाई मुद्दाम काळी साडी नेसेल असा काळ वर्षातून एकदाच येतो. संक्रांत ते रथसप्तमी. अल्फा आणि होम मिनिस्टर ह्यांच्या फटीत संक्रांत एकच पडते, ती जानेवारी २००५ ची, आणि रथसप्तमी त्यानंतर फेब्रुवारीच्या मध्याला.

फक्त इथे पण ते पिशवी आणि मालाचं प्रकरण आहेच. साडी सांगते शूटिंग कधी झालं ते. लोगो सांगतो टीव्हीवर कधी लागलं ते. मधे किती दिवस गेले ते टेप सांगत नाही, आठवडाही असेल, महिनाही असेल. पण मार्च संपायच्या आत लागलं हे लोगोने आधीच सांगितलंय आणि आमचा वाद लागलं कधी ह्याच्यावरच होता, शूटिंग कधी झालं ह्याच्यावर नव्हता. आजोबा मे मध्ये गेले.

मावशीला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "मी काय म्हणत होते?" मामाने शेवटचा बाण काढला. म्हणाला, "बरं, लागला तेव्हा दादा होते. पण ही कॅसेट रिपीटची असेल, मी नंतर केलेली." रिपीट दोन वर्षांनी लागलं असतं तर त्यावर झी मराठी आलं असतं, हे सांगून पाहिलं. "मग कुणीतरी दुसऱ्याने केली असेल." आता ह्याला काय म्हणायचं. पण मला कॅसेटमध्ये अजून एक गोष्ट दिसली होती, ती मी राखून ठेवली होती.

ती अशी की मावशीचा एपिसोड कोऱ्या टेपवर रेकॉर्ड केलेला नाही. एपिसोड सुरू होताना पहिले काही सेकंद चित्रावर इंद्रधनुष्यासारखे रंगीत पट्टे लहरताना दिसतात, आणि एपिसोड तुटतो तिथे थोडा वेळ नुसती खरखर आहे आणि त्यानंतर एकदम मधूनच एक हिंदी पिक्चर सुरू होतो, कोपऱ्यात मेट्रो. साध्या व्हीसीआरमध्ये जुनं पुसणारं हेड आणि चित्र लिहिणारा ड्रम ह्यांच्यात अंतर असतं, टेप आधी पुसण्याच्या हेडवरून जाते आणि मग ड्रमवर पोचते. रेकॉर्डचं बटण दाबता त्या क्षणी त्या दोघांच्या मधे अडकलेला टेपचा तुकडा पुसला जायचा राहून गेलेला असतो, त्यावर नवीन चित्र जुन्याच्या डोक्यावर लिहिलं जातं, दोन्हीची मारामारी होते आणि ते पट्टे दिसतात. आणि बंद करता तेव्हा बरोबर उलटं, तेवढाच तुकडा पुसला गेलेला असतो पण त्यावर लिहायचं राहिलेलं असतं, म्हणून खरखर. म्हणजे ह्या दोन खुणांच्या मधलं जे आहे ते वरचं, नंतरचं, आणि बाहेर जे आहे ते खालचं, आधीचं. मेट्रो २००३ च्या नोव्हेंबरात बंद झालं, अल्फा त्याच्या वर आलं, क्रम जुळतो.

मामाला विचारलं, "मेट्रोवरचे पिक्चर कोण रेकॉर्ड करायचं घरात?"

तो गप्प झाला. कारण सगळ्यांना माहीत होतं. आजोबांच्या एकशे ऐंशी मिनिटांच्या कॅसेटांचा तो कप्पा होता, त्याला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता, मामाने एकदा त्यातल्या एकीवर क्रिकेट मॅच घेतली म्हणून त्याला अख्खा महिना घरात बोलणी बसली होती, हे मामाच सांगतो. त्यांच्या पिक्चरवर दुसरं काही रेकॉर्ड करायची हिंमत करेल असा एकच माणूस त्या घरात होता.

मी पिक्चरचा तो उरलेला तुकडा मावशीला दाखवला, नाव कळतंय का बघ म्हणून. गाणं मधेच सुरू होतं, चेहरे खरखरीत, मेट्रोचा लोगो उजळ भिंतीसमोर आला की जातो, अंधारात आला की दिसतो. तिने दोनदा बघितलं, नाव काही सांगता आलं नाही. मग म्हणाली, "दादांनी माझ्यासाठी चांगला पिक्चर घालवला की रे," आणि रिमोट मागून घेऊन परत मागे नेलं, पैठणीपर्यंत.

मामाने पट्टी सोलून काढली आणि नवीन लावली. त्यावर त्याने लिहिलंय "ताई – होम मिनिस्टर – २००५ (अल्फा)". दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात, "रेकॉर्डिंग : दादा".